‘फक्त अ ब क ड टाकायचं काम’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

★★ “क्लासच्या मुलांसाठी सोलापूर जिल्ह्यावरचे 25 प्रश्न उत्तरांसकट एका पॅराग्राफमध्ये दिले होते. फक्त अ ब क ड टाकायचं काम. त्याला दोन दिवस लावले, टायपिंगच्या डबल पैसे घेतले, वर माझे प्रश्नही बदलले. आन्सर की वेगळ्या कागदावर कशाला?”

नमस्कार सर. तुमची परीक्षा होऊन गेली आहे, म्हणून तुमच्याच मजकुरातले प्रश्न घेऊन लिहितो. असं काम घेऊन येणाऱ्या इतर शिक्षकांनाही त्याचा उपयोग होईल.

तुमच्या पॅराग्राफमध्ये एक सलग ओळ होती: “सोलापूरला मार्शल लॉ कधी लागला 1930 चार हुतात्म्यांना फाशी केव्हा झाली 12 जानेवारी 1931 कुठे येरवडा तुरुंगात”. वाचताना यात काही अडत नाही. पण प्रश्न सुटे करून क्रम बदलला की नुसतं “कुठे” उरतं आणि मुलाला काही कळत नाही. म्हणून तो प्रश्न “सोलापूरच्या चार हुतात्म्यांना कोणत्या तुरुंगात फाशी देण्यात आली?” असा पूर्ण लिहिला. “1930 च्या मार्शल लॉनंतर” असे शब्द मुद्दाम घातले नाहीत, कारण मग मार्शल लॉच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच छापलं गेलं असतं. डॉ. कोटणीसांचंही तसंच. “ते कधी वारले 1942” यातले “ते” कोण हे प्रश्नातच सांगावं लागतं. शब्द बदलले ते एवढ्यासाठी. एकाही प्रश्नाचा आशय किंवा उत्तर बदललेलं नाही.

आता वेळेचं. 25 प्रश्नांना चार-चार पर्याय म्हणजे बरोबर उत्तरं तुमची 25, पण चुकीची 75 आम्हाला शोधायची होती. चुकीचा पर्याय नक्की चूक असावा लागतो आणि तरीही ज्याचा अभ्यास कच्चा आहे त्याला तो खरा वाटावा लागतो. फाशीच्या तारखेला आम्ही असे पर्याय दिले:

अ) 12 मार्च 1930
ब) 12 जानेवारी 1931
क) 23 मार्च 1931
ड) 9 ऑगस्ट 1942

पहिली दांडी यात्रा निघाली ती तारीख, तिसरी भगतसिंगांच्या फाशीची, चौथी ‘छोडो भारत’ची. तिन्ही तारखा मुलांनी कुठेतरी वाचलेल्या असतात, त्यामुळे ज्याला नक्की माहीत आहे तोच ‘ब’ लिहितो. तिथे 1857 किंवा 1995 टाकलं असतं तर धडा न वाचताही उत्तर आलं असतं. तारखा आणि आकडे आम्ही चढत्या क्रमानेच लावतो, म्हणजे बरोबर उत्तर कुठे लपवलंय याचा अंदाज लागत नाही.

सगळ्यात जास्त जपावं लागलं ते नद्यांना. उजनी धरण कोणत्या नदीवर, याचं तुमचं उत्तर भीमा. पंढरपूर कोणत्या नदीकाठी, याचं चंद्रभागा. पंढरपूरच्या प्रश्नात चुकीचा पर्याय म्हणून पटकन सुचते ती भीमाच, पण पंढरपुरात चंद्रभागा म्हणतात ती भीमाच. म्हणजे दोन उत्तरं बरोबर झाली असती, आणि एखादा पालक पेपर घेऊन तुमच्याकडे आला असता तर तुम्हाला मार्क द्यावेच लागले असते. म्हणून तिथे सीना, नीरा आणि कृष्णा घेतल्या. अशी जागा टाइप करणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. त्यासाठी आमच्याकडे उत्तरं न पाहिलेला माणूस आधी पूर्ण पेपर सोडवतो. तो जिथे अडतो किंवा “दोन्ही बरोबर आहेत” म्हणतो, तो प्रश्न परत दुरुस्तीला जातो. दुसरा दिवस त्यात गेला.

आन्सर की सगळ्यात शेवटी होते. प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम पक्का झाल्यावर छापील पेपर समोर ठेवून एकेक अक्षर लिहितो. आधी की केली आणि नंतर एक प्रश्न जरी वर-खाली सरकला, तर वर्डमधले आपोआप पडणारे नंबर बदलतात, पण हाताने टाइप केलेली की तशीच राहते आणि त्या प्रश्नाच्या जुन्या आणि नव्या जागेमधली उत्तरं एका घराने सरकून चुकू शकतात. वेगळा कागद अशासाठी, की पेपरच्या झेरॉक्स काढताना की चुकून मुलांच्या हातात जाऊ नये.

पैशांबद्दल स्पष्ट सांगतो. टायपिंगचा दर पानावर असतो, पर्याय तयार करण्याचा प्रश्नावर, आणि काम घेताना दोन्ही दर सांगितले होते. पुढच्या वेळी प्रत्येक प्रश्नाखाली तीन चुकीची उत्तरं तुम्ही स्वतः लिहून आणलीत तर फक्त टायपिंगचेच पैसे लागतील आणि काम त्याच दिवशी मिळेल. या पेपरची फाइल आमच्याकडे आहे. शेजारी बसणाऱ्या मुलांसाठी क्रम बदलून ‘ब’ संच हवा असेल तर सांगा, त्याची वेगळी आन्सर कीसुद्धा करून देऊ.