‘शँडेलियरची रेषा कधीच खाली येत नाही’? मग 526चा बंद भाव बघा

> टक्केवारीचा ट्रेलिंग स्टॉप लावणारे मोठा नफा कधीच खात नाहीत. शँडेलियर लावा. सेटिंग 22 आणि 3, कुठल्याही शेअरला चालतं.
> 1. ही रेषा फक्त वर जाते, खाली कधीच येत नाही.
> 2. टक्क्यांचा स्टॉप चांगल्या शेअरमधून लवकर बाहेर फेकतो, शँडेलियर ट्रेंड संपेपर्यंत बसवून ठेवतो.
> 3. टक्केवारीला शेअरचा स्वभाव कळत नाही.
> 4. स्टॉप लागला की त्याच भावाला बाहेर. टेन्शन नाही.

हा मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला आणि चारही वेळा मी सोडून दिला. पाचव्यांदा तो माझ्या धाकट्या चुलतभावाने पाठवला, खाली एक ओळ लिहून: ‘दादा, मी हेच केलं, मग पैसे कसे गेले?’ म्हणून आज बसून लिहितोय.

पहिल्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण भावाचे पैसे त्यातच गेले.

शँडेलियर हा एक ट्रेलिंग स्टॉप, म्हणजे भाव चढेल तसा त्याच्या मागोमाग सरकणारा, विकून बाहेर पडायचा भाव. त्याचं गणित साधं आहे. गेल्या 22 सत्रांतला सर्वोच्च भाव घ्यायचा आणि त्यातून 22 दिवसांच्या एटीआरची तिप्पट वजा करायची. एटीआर म्हणजे शेअर एका दिवसात सरासरी किती रुपये हलतो ते माप. आदल्या दिवशीच्या बंद भावापासूनचा गॅपही त्यात धरलेला असतो. आता या वजाबाकीकडे नीट बघा. उच्चांक तिथेच राहिला आणि एटीआर वाढला, तर उत्तर कमी होतं. म्हणजे रेषा खाली येते. आणि एटीआर वाढतो कधी? बहुतेक वेळा शेअर जोरात आपटतो तेव्हा. जिथे तुम्हाला स्टॉप घट्ट हवा, नेमका तिथेच तो मागे सरकतो.

भावाचाच शेअर घेऊ. नाव सांगत नाही, आकडे त्याच्या वहीतले आहेत. खरेदी 470ला, 300 शेअर. वर 560चा उच्चांक झाला, एटीआर 10 होता, म्हणजे रेषा 530वर. आदल्या दिवशीचा बंद भाव 552. तिमाही निकालाच्या दिवशी शेअर 548ला उघडला, 556 झाला, तिथून 506पर्यंत कोसळला आणि 526ला बंद झाला. त्या एका दिवसाची हालचाल 50 रुपयांची. एटीआर हे माप मांडणाऱ्या वाइल्डरच्या पद्धतीने तो काढला तर आधीचे 10 गुणिले 21, अधिक 50, भागिले 22. उत्तर येतं 11.82. त्याची तिप्पट साडेपस्तीस. रेषा 530वरून 524.5वर आली.

संध्याकाळी भावाने चार्ट उघडला. बंद भाव 526, रेषा 524.5. रेषेच्या वर आहे, ट्रेंड शाबूत आहे, असं म्हणून त्याने फोन बाजूला ठेवला. खरं तर आदल्या रात्री ठरलेला 530चा स्टॉप त्या दिवशी भरदुपारी तुटला होता. दुसऱ्या दिवशी शेअर 532 ते 514 फिरून 524ला बंद झाला, पण तोवर रेषाही 523.7ला उतरली होती. परत वाचला. तिसऱ्या दिवशी गॅपने 502ला उघडला, 491ला बंद झाला, तेव्हा कुठे चार्टने बाहेर पडायला सांगितलं. चौथ्या दिवशी 487ला विक्री. 530च्या आसपास निघाला असता तर शेअरमागे 60 रुपये सुटले असते, सुटले 17. तीनशे शेअरांवर जवळजवळ तेरा हजारांचा फरक, आणि या सगळ्यात त्याने नियम एकदाही मोडलेला नव्हता!

रेषा खाली येण्याचं दुसरं कारण म्हणजे ती 22 दिवसांची खिडकी. 560चा उच्चांक तेविसाव्या सत्राला खिडकीबाहेर जातो. उरलेल्या दिवसांतला सर्वोच्च भाव 548 असेल, तर बाजारात काहीही न घडता रेषा 12 रुपयांनी खाली बसते. चक लेबो यांनी ही पद्धत मांडली तेव्हा स्टॉप टांगला होता तो सौदा घेतल्यापासूनच्या उच्चांकाला. छताला झुंबर टांगावं तसा, म्हणून हे नाव. चार्टवर येताना त्याची 22 दिवसांची खिडकी झाली, आणि हा फरक मेसेज पाठवणाऱ्यांच्या गावीही नाही.

काही चार्टांवरच्या शँडेलियरमध्ये रेषा मागे न येण्याची सोय आत लिहिलेली असते, काहींमध्ये नसते. तुमच्याकडचा कुठला आहे हे पाहायला एक मिनिट पुरतं. एखाद्या शेअरचा निकालाचा दिवस काढा आणि भाव रेषेच्या वर असतानाही रेषा उतरलीय का ते बघा. उतरली असेल तर स्वतःच्या शीटमध्ये हिशेब ठेवा. D रकान्यात सौद्यापासूनचा उच्चांक, E मध्ये एटीआर, F मध्ये स्टॉप. दुसरी ओळ कालची, तिसरी आजची, म्हणून F3 मध्ये लिहायचं:

```
=MAX(F2, D3-3*E3)
```

कालचा स्टॉप आणि आजचा हिशेब, दोन्हींपैकी जो वर तो. आणि आजचा भाव ताडायचा तो F2 मधल्या, म्हणजे कालच्या स्टॉपशी. भावाची गफलत नेमकी इथे झाली. तो आजचा भाव आजच्या रेषेशी ताडत होता.

आता दुसरा मुद्दा, टक्क्यांचा स्टॉप लवकर बाहेर फेकतो म्हणे. किती टक्क्यांचा, ते मेसेजमध्ये नाही. 3 टक्के की 25 टक्के हे न सांगता केलेलं हे विधान तपासायचं तरी कसं? म्हणून सगळ्यांना आठवतो तो दिवस घेतो, 4 जून 2024, लोकसभेचा निकाल.

समजा 3 जूनला तुमच्याकडे निफ्टीचा ईटीएफ होता. त्या दिवशी निफ्टीचा उच्चांक 23,338 आणि बंद भाव 23,263. एटीआर सढळ हाताने 300 धरला, तरी शँडेलियर येतो 22,438ला. दुसऱ्या दिवशी निफ्टी 21,281पर्यंत गेला आणि 21,884ला बंद झाला. शँडेलियरवाला बाहेर. बंद भावाच्या उच्चांकापासून 10 टक्के खाली स्टॉप ठेवणाऱ्याची रेषा होती 20,937, तिला त्या दिवशीचा नीचांकही शिवला नाही. 7 जूनला निफ्टी 23,290ला बंद झाला, म्हणजे तीन सत्रांत सगळं भरून निघालं. 5 ऑगस्टला तेच. 1 ऑगस्टच्या 25,078च्या उच्चांकापासून 900 वजा केले तर 24,178, आणि बंद भाव 24,055. शँडेलियर परत बाहेर, 10 टक्केवाला जागेवर. बाहेर पडलेल्याने परत आत कधी यायचं, याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

पण इथेच थांबलो तर मीही अर्धवट सांगितल्यासारखं होईल. 26 सप्टेंबरला निफ्टी 26,216ला बंद झाला, दुसऱ्या दिवशी 26,277 दाखवून फिरला. त्याच 300च्या एटीआरने शँडेलियर 25,377वर, आणि 3 ऑक्टोबरला 25,250च्या बंद भावाने तो तुटला. 10 टक्केवाल्याची रेषा होती 23,594. ती तुटली 13 नोव्हेंबरला, 23,559च्या बंद भावाने. म्हणजे जून आणि ऑगस्टमध्ये तग धरून कमावलेलं जवळजवळ सगळं त्याने परत केलं. त्या वळणावर शँडेलियरवाला सुमारे सतराशे अंक वर निघाला. हे मान्य करावंच लागतं.

फरक पडला तो स्टॉप किती दूर होता यामुळे. निफ्टीसारख्या शांत निर्देशांकात तीन एटीआर म्हणजे जेमतेम 3 ते 4 टक्के. हा घट्ट स्टॉप आहे. घट्ट स्टॉप वरच्या टोकाजवळ निघतो आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यातही निघतो. ट्रेंड संथपणे चढत असेल तर हे आणखी जाचक होतं, कारण रोजची हालचाल आटते, एटीआर घटतो आणि रेषा भावाला चिकटते. मग बाजाराचा एक साधा वाईट दिवसही चांगल्या शेअरमधून काढायला पुरतो.

नफा धावू द्यायचा असेल तर जागा किती लागते, यावर मी एकच अभ्यास पुढे ठेवतो, कारण त्यात शेअरच तपासलेत, वायदे नाहीत. कोल विलकॉक्स आणि एरिक क्रिटेंडन यांनी 2005मध्ये अमेरिकी शेअरांवर ट्रेंड फॉलोइंग तपासलं, 1983 ते 2004ची आकडेवारी घेऊन. खरेदी सार्वकालिक उच्चांकाला, विक्री एटीआरच्या ट्रेलिंग स्टॉपने. तो स्टॉप तीन एटीआरचा नव्हता, दहा एटीआरचा होता. बहुतेक नफा मोजक्या मोठ्या सौद्यांतून आला, आणि तेवढे मोठे होईपर्यंत त्यांना मोकळं सोडलेलं होतं. ज्या शेअरचा एटीआर भावाच्या 2 टक्के आहे, त्यात दहा एटीआर म्हणजे 20 टक्के. मेसेजवाले ज्या टक्केवारीला हसतात, तिच्याच जवळपास हा आकडा येतो. तो अभ्यास अमेरिकेचा आहे, आपल्याकडे दहाच बरोबर असं मी म्हणत नाही. पण ‘22 आणि 3, कुठल्याही शेअरला’ याला तिथे काडीचाही आधार मिळत नाही.

तिसरा मुद्दा खरा आहे, नाइलाजाने का होईना मान्य. 1000 रुपयांच्या शांत शेअरचा एटीआर 14 असेल तर 10 टक्के म्हणजे सात दिवसांची हालचाल. 200 रुपयांच्या उनाड शेअरचा एटीआर 9 असेल तर तेच 10 टक्के म्हणजे सव्वादोन दिवसांची. एकाला ऐसपैस जागा आणि दुसऱ्याचा गळा आवळलेला. पाच-सहा वेगवेगळ्या स्वभावाचे शेअर असतील तर एटीआरने मोजणं जास्त न्यायाचं आहे. मीही तसंच मोजतो, फक्त तीनने गुणत नाही.

चौथ्यावर जास्त लिहीत नाही. स्टॉपचा भाव हा फक्त ट्रिगर असतो. शेअर गॅपने खाली उघडला किंवा लोअर सर्किटला अडकून घेणाराच नसला, तर लिमिट ऑर्डर तशीच पडून राहते. एटीआर असो वा टक्के, याला दोन्हींकडे उपाय नाही. उपाय एवढाच की सौदा आधीच लहान घ्यायचा.

भावाच्या शीटमध्ये कालच रात्री वरचा रकाना टाकून दिला. त्याच्याकडे उरलेल्या चार शेअरांपैकी दोघांचा स्टॉप त्या हिशेबाने चार्टवरच्या रेषेपेक्षा वर निघाला, आणि त्यातला एक सोमवारच्या बंद भावालाच तुटलेला होता.