चारशे तीस? चालेल.

काल नौपाड्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझ्या मुलाची लायकी तीन अनोळखी माणसांनी ठरवली. मुलगा तिथे नव्हता. तो घरी पंख्याखाली आडवा होता. दहावीचा शेवटचा पेपर संपल्यापासून त्याची हीच मुद्रा आहे. निकाल मे महिन्यात लागेल, तोवर निदान अकरावीच्या कॉलेजांची यादी तरी करू म्हणून गेल्या वर्षीच्या कटऑफच्या प्रिंट काढायला मीच गेलो.

माझ्या मागे पॅन कार्डाची झेरॉक्स काढायला आलेले एक काका उभे होते. मशीनमधून माझं पहिलं पान बाहेर आलं आणि ते त्यांनीच उचललं. चष्मा कपाळावर नेऊन वाचलंही.

"किती पडतील?"

पाचशेपैकी चारशे तीसच्या आसपास, असं मी सांगून बसलो. बेस्ट ऑफ फाइव्ह धरून.

"चारशे तीस." काकांनी आकडा असा उच्चारला की दुकानदारानेही मान वर केली. "चालेल. आर्ट्सचं काय वाईट आहे?"

मुलाला सायन्स हवंय, म्हटलं. मग काकांनी माझ्या पेनाने माझ्याच कागदावर खुणा करायला सुरुवात केली. तीन कॉलेजं आमच्या मनात होती. मुलुंडचं एक, गेल्या वर्षी पहिल्या फेरीत ४४९ ला थांबलेलं. स्टेशनजवळचं, ४३६ ला. घोडबंदर रोडवरचं, ४१८ ला.

"हे पहिलं टाका," काकांनी ४१८ वर गोल काढला. "हमखास मिळणारं वर. मुलुंड वर टाकलंत तर घोडबंदरची सीट तोवर दुसरा घेऊन जाईल."

इथे माझं डोकं फिरलं. कारण ही समजूत आमच्या अख्ख्या सोसायटीत आहे, आणि ती साफ उलटी आहे. सीट वाटताना संगणक गुणांचा क्रम बघतो. मुलाचा नंबर आला की त्याची यादी वरून खाली तपासतो: मुलुंड भरलं? मग स्टेशनजवळचं. तेही भरलं? मग घोडबंदर. तिथे ४२० वाला स्पर्धक असेल, तर त्याने ते कॉलेज पहिलं टाकलेलं असो की दहावं, ४३० च्या पोराचा नंबर त्याच्या आधीच येतो. मुलुंड वर टाकून पोराचं काही जात नाही.

उलट पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दुसरं-तिसरं मिळालं तर निदान पुढच्या फेरीची वाट बघता येते. म्हणजे काकांचं ऐकलं असतं तर मुलगा पहिल्याच फेरीत घोडबंदरला अडकला असता, आणि वर आम्ही पेढे वाटले असते.

हे सगळं मी रांगेत उभं राहून घसा ताणून समजावलं. काका शांतपणे म्हणाले, "नियम असतील. पण माझ्या भाच्याने तसंच टाकलं होतं आणि त्याला मिळालं."

मिळणारच! हमखास मिळणारंच टाकलं होतं ना!

दुकानदार म्हणाला, "काका म्हणतायत ते बरोबर आहे साहेब." लॅमिनेशनला आलेल्या बाईंनीही मान डोलावली. मी एकटा पडलो.

खरं तर कटऑफच्या त्या आकड्यांचाही मला भरवसा नाही. एकाच कॉलेजची अनुदानित तुकडी वेगळ्या ओळीत, विनाअनुदानित वेगळ्या. चुकीची ओळ वाचली की फी बघून पोटात गोळा. अल्पसंख्याक कॉलेज असेल तर आणखी मजा. १२० जागांतल्या निम्म्या त्या समाजासाठी, १० टक्के इनहाउस, ५ टक्के व्यवस्थापनाच्या. उरल्या ४२. कोट्यातल्या रिकाम्या जागा परत केल्या तर वाढतात, पण त्या कधी आणि किती परत करायच्या हे त्यांच्या मर्जीवर. कॉलेजच्या माहितीपत्रकात मात्र ठळक अक्षरांत १२०. बाप माणसाने निकालाआधीच्या सुट्टीत आंबे खायचे की ही भागाकाराची गणितं सोडवायची? आणि एवढं करून गेल्या वर्षीचा ४३६ यंदा ४४१ होणार नाही, हे कोण लिहून देतंय?

मी वैतागून कागद गोळा केले. काकांनी मुलुंडचं पान स्वतःकडेच ठेवलं होतं. त्यांची नात आठवीत आहे म्हणे, तिच्यासाठी.

"अहो, दोन वर्षांनी हे आकडे बदलतील."

"अंदाज येतो हो," म्हणत त्यांनी पानाची घडी करून खिशात घातली आणि ते गेले. दुकानदाराने बिल केलं. सगळी पानं, माझ्याकडे नसलेलंही, आणि शेवटी पॅन कार्डाच्या दोन प्रती.

"या माझ्या नाहीत."

"तुम्ही बरोबरच होतात ना?"