मुलींची शाळा आणि विज्ञान शाखा : खुलासा

"मुलींच्या शाळेत घातलं की मुलगी धीट होते आणि गणित-विज्ञानच घेते, हे सिद्ध झालंय म्हणे. खरं का?"

यातला पहिला अर्धा भाग काही अंशी खरा आहे. १९५८ साली जन्मलेल्या ब्रिटिश मुलांच्या दीर्घ पाहणीत, मुलींच्या शाळेत शिकलेल्या मुलींचा गणित-विज्ञानातला स्वतःवरचा भरवसा मिश्र शाळेतल्या मुलींपेक्षा अधिक आढळला. मात्र भरवसा आणि विषयनिवड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि नेमकी इथेच गल्लत होते.

समजा, सांगलीतल्या दोन शाळांत दहावीला शंभर-शंभर मुली आहेत. मुलींच्या शाळेतून तीस जणी विज्ञानाला गेल्या, मिश्र शाळेतून वीस. पण सातवीतच गणितात ऐंशीच्या वर गुण असणाऱ्या मुली मुलींच्या शाळेत साठ आणि मिश्र शाळेत चाळीस असतील, आणि विज्ञानाला गेलेल्या साऱ्या त्यांच्यातल्याच असतील, तर दोन्हीकडे अशा मुलींपैकी निम्म्याच गेल्या. फरक शाळेने नव्हे, प्रवेशाने घडवला.

दक्षिण कोरियातल्या सोल शहरात २०१० पूर्वी उच्च माध्यमिक शाळा निव्वळ सोडतीने मिळे, म्हणून तिथली तुलना मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलींच्या शाळेचा लाभ गणिताच्या गुणांत दिसला, परंतु विज्ञान-अभियांत्रिकीकडे वळण्यात तो दिसला नाही.

तेव्हा तासगाव-मिरजेकडच्या पालकांनी प्रवेशापूर्वी एवढे जरूर विचारावे, की त्याच संस्थेत अकरावीला भौतिकशास्त्र आणि गणिताची तुकडी आहे का, की मुलीला त्यासाठी रोज एसटीने दुसऱ्या गावी जावे लागेल.