समोरच्याला हरवणारा तक्ता कसा करावा

गेल्या महिन्यात रामबागेतल्या आमच्या घरी इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. दुकानात तुलनेचा रंगीत तक्ता टांगला होता: त्यांच्या बॅटरीला सगळीकडे हिरव्या बरोबरच्या खुणा आणि ‘इतर’ नावाच्या बिचाऱ्या कंपनीला लाल फुल्या. इतकी कला वाया जाऊ नये, म्हणून हे चार धडे.

प्रतिस्पर्ध्याला ‘इतर’ म्हणा. मॉडेलचं नाव दिलं की कोणीतरी ताडून बघतं.

रांगा आपल्याला जमतील त्याच घ्या. मजबूत हँडल, चमकदार झाकण, पाणीपातळीचा दांडा. पाणी भरलेल्या बॅटरीचं वजन मात्र टाळा, कारण त्यावरून आत शिसं किती असेल याचा अंदाज लागतो.

आता खरा हातखंडा, अॅम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा. दोघांच्याही रकान्यात 150 लिहा, पण किती तासांचा हिशोब ते लिहू नका. तुमचे 150 हे C20 चे, म्हणजे साडेसात अॅम्पिअरने वीस तास. समोरच्याचे C10 चे, म्हणजे पंधरा अॅम्पिअरने दहा तास. वीज जितकी भराभर ओढाल तितकी बॅटरी एकूण कमी देते, म्हणून समोरची खरं तर वरचढ. तक्त्यात मात्र बरोबरी! मग खाली ‘बॅकअप 5 तास’ ठोकून द्या, लोड किती ते सांगूच नका. आमच्याकडे दोन पंखे, टीव्ही, चार दिवे मिळून तीनशे वॅट. बारा व्होल्टला, इन्व्हर्टरची घट धरून, तीसेक अॅम्पिअर. 150 भागिले 30, पाच तास, शाळकरी गणित बरोबर. पण ते 150 साडेसात अॅम्पिअरला मोजलेले, आम्ही ओढतोय त्याच्या चौपट! सव्वातीन तासांत टूँ-टूँ सुरू झालं आणि आई अंधारात देवघरातली काडेपेटी शोधत बसली. नवी बॅटरी, अहो! महिनाही झाला नव्हता!

वॉरंटी 60 महिने लिहा. त्यातले 36 महिने फुकट बदलून मिळेल आणि पुढचे 24 महिने नवीवर फक्त सूट, हे कार्डावर बारीक अक्षरात. ज्याची 48 च्या 48 महिने फुकट, त्याला लाल फुली.

पुरे झाली गंमत. तक्ता बनवणाऱ्यांनो, तो काढा आणि नीट लिहा. मॉडेलचं पूर्ण नाव घाला. दोघांचेही अॅम्पिअर-अवर एकाच तासाच्या हिशोबाने द्या. समोरच्याने तो आकडा दिला नसेल तर ‘दिलेला नाही’ लिहा, फुली नको. फुकट बदलीचे महिने आणि नुसत्या सवलतीचे महिने वेगळ्या रांगेत. बॅकअपपुढे लोड. तुम्ही जिथे हरता ती रांगही राहू द्या, आणि खाली माहिती कधीची ते लिहा. समोरचा मॉडेल बदलतो, तुमची फुली मात्र चार वर्षं तिथेच.

हे सगळं दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, “भाईसाब, चार्ट तो ऊपर से छपके आता है.” आणि त्याच तक्त्याकडे बोट दाखवून पुढच्या गिऱ्हाइकाला साठ महिने समजावायला लागला.