‘पैशात मोजता येतं’ एवढ्यावर अर्ज फेटाळला जात नाही

परीक्षेचा एक प्रश्न होता: कंपनीनं आपल्या एकमेव वितरकाच्या भागात दुसरा बसवला, तर दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोर्ट तिला रोखेल का, म्हणजे अंतरिम मनाई हुकूम देईल का? माझं मॉडेल उत्तर होतं, देईल. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: “सर, तुमचं मॉडेल उत्तर वाचून वाईट वाटलं. तोटा पैशात मोजता येतो, मग अंतरिम मनाई हुकूम मिळूच शकत नाही, हे पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. कलम १४ चं जुनं उपकलम दिलंय. ९० दिवसांच्या नोटिशीची अट तर तुम्ही पाहिलीच नाही. इतकं लांब लिहिलं तर पेपर सुटेल का? मुलांचे मार्क घालवू नका.”

नमस्कार. उपकलमाची चूक माझीच. १ ऑक्टोबर २०१८ पासून ‘स्वरूपतःच संपवता येणारा करार’ स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम १४(डी) मध्ये आहे, मी सवयीनं जुनं १४(१)(सी) लिहिलं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ही बोलायची कोणती पद्धत? बारा वर्षं मी नागपुरात संध्याकाळच्या वर्गाला हाच विषय शिकवतोय आणि दिवसा सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात उभा राहतो. चूक दाखवा, जरूर दाखवा. ‘मुलांचे मार्क घालवू नका’ असं म्हणायच्या आधी निदान दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग वाचायचं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तिथं स्पष्ट केलंय की न भरून येणारं नुकसान म्हणजे जे कधीच भरून काढता येणार नाही असं नुकसान नव्हे. नुकसान भरीव हवं आणि नुकसानभरपाईनं ते पुरेसं भरून निघणारं नसावं. सगळं वजन ‘पुरेसं’ या शब्दावर आहे आणि तुम्ही नेमका तोच गाळलात.

आता प्रश्नातल्या गोष्टी घ्या. कंपनीनं विदर्भाचे ११ जिल्हे एकाच वितरकाला ५ वर्षांसाठी दिले आणि दुसऱ्या कुणाला माल पुरवणार नाही असं लिहून दिलं. करार ९० दिवसांच्या नोटिशीनं संपवता येतो. दीड वर्षानं, नोटीस न देता, अमरावतीत दुसरा वितरक बसवला. अमरावतीत दरमहा बुडणारा नफा वहीतून निघतो. तेवढंच नुकसान असतं तर तुमचं खरं होतं, अर्ज फेटाळला जावा. पण ३०० दुकानदारांची जी साखळी त्यानं उधारीवर आणि वेळेवर माल पोचवून उभी केली, तिचं काय? दुकानदार एकदा दुसऱ्या गाडीचा माल घ्यायला लागला की निकालाच्या दिवशी तो परत येत नाही, आणि तो कोणत्या कारणानं गेला हे सिद्धही करता येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या वडिलांची इतवारीत एका कंपनीची एजन्सी होती. कंपनीनं न सांगता दुसरा माणूस बसवला. वडिलांनी आठ महिने नुसती पत्रं लिहिली. कोर्टात गेले तेव्हा पहिला प्रश्न उशिराचा आला आणि अर्ज गेला. नंतर भरपाई मिळाली, पण तोवर अर्धी दुकानं तुटली होती. म्हणून वर्गात सांगतो: ‘न भरून येणारं नुकसान होईल’ हे वाक्य अर्जात नुसतं लिहून चालत नाही. कोणत्या दुकानानं कोणत्या तारखेला ऑर्डर थांबवली, हे लिहा. माझ्या उत्तरात ते होतं. वाचलंत का?

नोटिशीचं म्हणाल तर अमृतसर गॅसचा १९९१ चा निकाल मला ठाऊक आहे. तिथं करार संपवून झाला होता आणि वितरकाला तो पुन्हा चालू करून हवा होता. मिळाली ती फक्त नोटिशीच्या ३० दिवसांची भरपाई. आपल्या प्रश्नात नोटीस दिलेलीच नाही, करार जिवंत आहे. अशा संपवता येणाऱ्या कराराचं पालन कोर्ट करून घेत नाही, आणि ज्याचं पालन करून घेत नाही तो मोडण्यापासून रोखतही नाही, हे कलम ४१(ई) आडवं येतं, पण कलम ४२ सांगतं की पूर्ण कराराचं पालन करून घेता येत नसलं तरी त्यातली ‘दुसऱ्याला देणार नाही’ ही नकारात्मक अट मोडण्यापासून रोखता येतं, फक्त वादीनं आपली बाजू पाळलेली असावी. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला, १९९५, मध्येही करार एका वर्षाच्या नोटिशीनं संपणारा होता, तरी तो चालू असेपर्यंत अशी अट टिकली. म्हणून हुकूम मागायचा तो ‘करार कायदेशीररीत्या संपेपर्यंत’. उद्या कंपनीनं नोटीस दिली तर तो ९० दिवसांपुरता उरेल, हे मान्य.

सोयीचा तोल, म्हणजे हुकूम दिल्यानं किंवा न दिल्यानं कुणाची जास्त गैरसोय होईल, यावर तुम्ही अक्षरही लिहिलं नाही, तेव्हा मीही लिहीत नाही. फक्त एवढं: अमरावतीच्या नव्या माणसाला प्रतिवादी करा आणि हातातला साठा विकायची मुभा द्या, नवा पुरवठा थांबवा. असा हुकूम द्यायला कोर्टाला जड जात नाही.

लांबीबद्दल काही म्हणायचं नाही. ज्याला चार ओळी हव्यात त्यानं चार लिहाव्यात.