गम लेखा आणि माझं बिल

परवा ग्रुपवर कोणीतरी मला 'गुड नाईट' म्हणून हाक मारली, सकाळी अकरा वाजता. हे आता कायमचं चिकटणार असं दिसतंय म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मी पुण्यात घरी बसून एका इस्राएली कंपनीचं काम करतो. क्लायंट म्हणजे तिथली एक बाई, कामाला चोख, बोलायला तुटक. माझं जुलैचं बिल अडकलं होतं. तिकडे पैसे द्यायची एक पद्धत आहे, शोतेफ प्लस अमुक. म्हणजे बिल महिन्याच्या कुठल्याही तारखेला पाठवा, दिवस मोजायला सुरुवात महिना संपल्यावरच. माझं शोतेफ प्लस ४५. बिल पाठवलं ३ जुलैला, मोजणी सुरू ३१ जुलैनंतर, म्हणजे पैसे १४ सप्टेंबरला. १४ गेली, २० आली, पैसे नाहीत. सोमवारी, २२ तारखेला कॉल होता आणि त्याच संध्याकाळी सूर्य मावळला की त्यांचं ५७८६ साल लागणार होतं, रोश हाशाना. म्हटलं नव्या वर्षाच्या शुभेच्छा हिब्रूत देऊ, बाई खूश होईल, आणि त्या खुशीतच हळूच बिलाचं काढू. (हो, हेतू शुद्ध नव्हता, माहितीये मला.)

आता हिब्रू कोण शिकवणार, तर आमच्या तळमजल्यावरच्या मावशी. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, माहेर अलिबागकडचं, मुलगा अश्दोदला, सहा वर्षं त्याच्याकडे राहून 'तिकडे भाजीवाल्याशीसुद्धा भांडायची सोय नाही, तोच आपल्याशी भांडतो' म्हणून परत आलेल्या. रविवारी संध्याकाळी गेलो तर दारातच म्हणाल्या, "बरा आलास, हात धू."

आत शेगडीवर हे भलंमोठं पातेलं. चिकाचा हलवा. रोश हाशानाला त्यांच्याकडे मराठीत 'नव्याचा सण' म्हणतात आणि त्याला हा हलवा लागतोच. गहू भिजवून, वाटून काढलेला चीक, नारळाचं दूध, साखर, आणि मग ढवळत राहायचं. गाईचं दूध का नाही विचारलं तर म्हणाल्या, "सणाला मटण असतं ना रे, मटणावर दूध चालत नाही आम्हाला, म्हणून नारळ." एवढं सांगून कालथा माझ्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीवर बसल्या. शिकवणी फुकट नव्हती हे तेव्हा कळलं.

"म्हण, शना तोवा."

"शाना तोवा."

"शाना नाही रे, शाना तो तुझा रिक्षावाला. शना. ना-वर जोर."

"शेना तोवा."

मावशींनी कपाळावर हात मारला. "शेना म्हणजे झोप! तू तिला सुखाने झोप म्हणतोयस. वर्ष म्हणजे शना. ढवळ, खाली लागेल."

मी ढवळत म्हणत राहिलो, शना तोवा, शना तोवा, शना म्हणजे वर्ष आणि तोवा म्हणजे चांगलं. पुढे 'उमेतुका' जोडलं तर 'आणि गोड'. म्हणून ते लोक त्या दिवशी सफरचंद मधात बुडवून खातात. इथपर्यंत ठीक होतं. मग मावशींनी एकदम विचारलं, "तुझं गिऱ्हाईक बाई आहे का पुरुष?"

"बाई."

"लग्न झालंय?"

"मावशी, त्याने व्याकरण बदलतं का?"

"नाही, मी आपलं विचारलं."

बदलतं ते बाई-पुरुषाने. शना तोवाला ठरलेलं उत्तर आहे, 'तुलाही'. ते पुरुषाला म्हणताना गम लेखा आणि बाईला म्हणताना गम लाख, आणि चार माणसं असतील तर गम लाखेम. आपल्याकडे बघा, आलास-आलीस, गेलास-गेलीस सगळीकडे स्त्री-पुरुष कोंबून ठेवलेत पण 'तुला' मात्र सगळ्यांना एकच. त्यांनी नेमकं तिथेच कोंबलंय. आणि गंमत म्हणजे लिहिताना दोन्ही सारखंच दिसतं, लामेद आणि खाफ ही दोनच अक्षरं, स्वर कोणी लिहीत नाही. म्हणजे मी नुसता मेसेज टाकला असता तर काहीच झालं नसतं. पण मला हौस, तोंडाने बोलायची.

"गम लेखा, गम लाख," मी म्हटलं, "मावशी, हे दुःखाच्या खातेवहीसारखं वाटतंय. गमचा लेखा, गम लाख."

"तुझं बिल केवढ्याचं आहे?"

सांगितलं. "मग लाखच म्हण," म्हणाल्या.

मग त्यांना उत्साह आला. नुसतं शना तोवा काय कोणीही म्हणेल, तू पूर्ण म्हण म्हणाल्या. पूर्ण म्हणजे 'लेशाना तोवा तिकातेवी वेतेखातेमी', चांगल्या वर्षासाठी तुझं नाव लिहिलं जावो आणि त्यावर शिक्का बसो. नव्याच्या सणाला वर वही उघडते, कोण जगणार कोण जाणार ते लिहिलं जातं, आणि दहाव्या दिवशी, योम किप्पुरला, त्यावर शिक्का. मी म्हटलं म्हणजे आमचा चित्रगुप्त. त्या म्हणाल्या, "तुमचा मेल्यावर हिशेब घेतो. आमच्यात दरवर्षी ऑडिट." आणि यातही पुरुष असेल तर तिकातेव वेतेखातेम, वेगळं. मी हात जोडले. हात जोडायला कालथा सोडला म्हणून परत ओरडा खाल्ला.

तास-सव्वा तास ढवळलं. मध्ये आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणायचे, ते कसं तेल काढायचे, ते सगळं झालं. दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पुर, हेही झालं. मध्येच उठून हलव्यात बोट बुडवून म्हणाल्या, "अजून नाही." मग सराव. मावशी क्लायंट आणि मी मी. मी म्हणायचं शना तोवा, मावशी ऐटीत मान वळवून म्हणायच्या, "तोदा, गम लेखा." तोदा म्हणजे थँक यू. वीस वेळा तरी केलं. वरून आईने हाक मारली, आज सर्वपित्री आहे, जेवायला ये, अमावास्येला कसल्या शुभेच्छा देतोस. मावशी खालून म्हणाल्या, "अमावास्या संपली की चंद्र नवीन, चंद्र नवीन की वर्ष नवीन, पाठव पाच मिनिटांत." रात्री हलवा ताटात थापून, वड्या पाडून एक स्टीलचा डबा मला दिला. ढवळणाऱ्याचा वाटा सहा वड्या. मोजल्या मी.

सोमवारी साडेअकरा, त्यांचे नऊ. सणाच्या आदला दिवस, सगळे दुपारी पळायच्या बेतात. मी 'शना तोवा उमेतुका' तोंडात घोळवत बसलेलो, आणि स्क्रीन उघडते न उघडते तोच बाई म्हणाली,

"शना तोवा!"

ती आधी म्हणाली हो! हे सरावात नव्हतंच. वीस वेळा मी म्हटलं होतं आणि मावशींनी उत्तर दिलं होतं, आणि मावशी उत्तर मला देत होत्या, पुरुषाला. कानात तेच बसलेलं. माझ्या तोंडून कडक, ठसठशीत, ऐटीत मान वळवून निघालं, "तोदा, गम लेखा!"

एक सेकंद शांतता. मग तिच्या टीममधला एक पोरगा, जो सहा महिन्यांत कधी म्यूटमधून बाहेर आलेला नाही, तो म्यूट काढून म्हणाला, "माझ्या माहितीप्रमाणे ती पुरुष नाहीये." सगळे हसले. मी घाबरून सावरायला गेलो आणि घाबरल्यावर माणूस जे पहिलं चुकलेलं असतं तेच म्हणतो. "सॉरी सॉरी, शेना तोवा!"

सकाळी नऊ वाजता, आठ लोकांसमोर, क्लायंटला सुखाने झोप.

बाई हसली, वाईट हसली असं नाही म्हणणार, पण तो पोरगा टेबलावर डोकं ठेवून घोरायचं नाटक करत होता. आणि मी त्याच भरात बिलाचं काढलं, कारण ठरवलं होतं ना. तिने हसतहसतच उत्तर दिलं, "अखरेई हाखागिम."

हे मावशींनी शिकवलं नव्हतं. अर्थ, 'सणांनंतर'. तिकडे हे नुसतं उत्तर नाही, संस्था आहे. सप्टेंबरात दाताचा डॉक्टर, प्लंबर, सरकारी कचेरी, कोणालाही काहीही विचारा, अखरेई हाखागिम. कारण रोश हाशाना दोन दिवस, मग योम किप्पुर, मग सुक्कोत, मग सिमखात तोरा, हे सगळं संपणार थेट १४ ऑक्टोबरला. तीन आठवडे! म्हणजे माझं शोतेफ प्लस ४५ आता शोतेफ प्लस पंचाहत्तर झालं.

आणि मला खरा राग त्याचाच येतो. मी एका शब्दाचं लिंग चुकवलं तर मी गुड नाईट. हे लोक गेल्या दिवाळीला 'डिअर टीम' लिहून शुभेच्छा पाठवतात, टीममध्ये मी एकटा, माझ्या नावातला एक स्वर आजवर कोणी नीट म्हटलेला नाही, होळीच्या फोटोवर दिवाळी लिहिलेलं होतं, आणि मी काय म्हटलं? थँक यू सो मच. हसलो का मी? नाही. म्यूट काढून बोललो का? नाही. पैसे ज्याचे अडकलेले असतात त्याला विनोदबुद्धी परवडत नाही.

असो. पुढे १ ऑक्टोबरला मी आठवण करायला मेल लिहीत होतो आणि शेवटी 'हॅपी योम किप्पुर' टाकलं होतं. नशिबाने जिन्यात मावशी भेटल्या. म्हणाल्या, "अरे हॅपी काय हॅपी, पंचवीस तास पाण्याचा थेंब नाही, पापांची माफी मागायचा दिवस तो. गमार खतिमा तोवा लिही." शेवटचा शिक्का चांगला बसो. मी म्हटलं गमार मीच का? त्या म्हणाल्या लिहिताना तरी चुकू नकोस. दुसऱ्या दिवशी त्यांचा उपास आणि आमचा दसरा. एकाच तिथीला येतात म्हटलं तरी चालेल, कारण दोघांचेही महिने चंद्राचे आणि दोघंही मधूनमधून अधिक महिना घालतात. ते नव्या चंद्रापासून दहावा दिवस मोजतात आणि आम्ही दशमी. तेवढंच काय ते आमचं जुळलं.

१५ ऑक्टोबरला, सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळीच मेल टाकला. उत्तर आलं, अकाउंट्सवाली सुट्टी जोडून गेलीये, रविवारी येईल. रविवार म्हणजे १९. तेव्हा इकडे धनत्रयोदशी उलटलेली, आमच्या बँकेत लक्ष्मीपूजनाची तयारी. मावशी दारात तोरण बघत उभ्या होत्या, आमचंच, त्यांना आवडतं.

"आले का पैसे?"

"नाही हो मावशी."

"मग त्यांना सांग, फोन करू नका, दिवाळीनंतर बोलू."

"आणि त्यांना काय फरक पडणार त्याने?"

"त्यांना नाही रे, तुला बरं वाटेल." मग आत जाता जाता थांबल्या. "आणि माझा डबा राहिलाय तुझ्याकडे महिनाभर. दे आणून. रिकामा देऊ नकोस."