एकरी दोन क्विंटलचा फरक F ला का दिसला नाही?

प्रतिक्रिया: "आमच्या गावच्या चार शेतकऱ्यांनी कपाशीचे तीन-तीन वाण लावले. एकरी क्विंटल, शेतकऱ्यांच्या क्रमाने: अ: 6, 10, 7, 9. ब: 7, 10, 9, 10. क: 8, 13, 9, 10. सरासरी 8, 9, 10. तुमच्या एकमार्गी विश्लेषणाच्या पद्धतीने F फक्त 1.2 येतो, म्हणजे 'फरक नाही'. दोन क्विंटल ज्याला दिसत नाहीत ते गणित काय कामाचं?"

उत्तर: भाऊ, 1.2 बरोबर आहे. वाणावाणांतला फरक वाणाच्या आतल्या फरकाच्या किती पट आहे, ते F सांगतो. पण त्याचा अर्थ 'फरक नाही' असा होत नाही. एवढ्या आकड्यांवरून फरक सिद्ध झाला नाही, इतकंच तो सांगतो.

तो कुठून आला ते बघू. एकूण सरासरी 9. तिच्यापासून तीन वाणांच्या सरासरी −1, 0 आणि +1 अंतरावर आहेत. वर्गांची बेरीज 2, प्रत्येक वाणाचे चार तुकडे म्हणून 8. गट तीन, म्हणून 2 ने भागायचं: 4. हा वाणावाणांतला फरक. आता प्रत्येक तुकडा आपल्याच वाणाच्या सरासरीपासून किती लांब आहे ते घ्या. अंतरांच्या वर्गांची बेरीज 10, 6 आणि 14, मिळून 30. बारा तुकडे उणे तीन गट, म्हणून 9 ने भागून 3.33. हा वाणाच्या आतला फरक. 4 भागिले 3.33 म्हणजे 1.2. पाच टक्के पातळीला, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांवर जाऊ नये यासाठी, निदान 4.26 हवा होता.

म्हणजे अडचण खालच्या 3.33 मध्ये आहे. एकाच वाणाचा उतारा 6 पासून 10 पर्यंत का हलतो? तुमचेच आकडे आडवे वाचा. पहिल्या शेतकऱ्याचे 6, 7, 8 तिन्ही वाणांत तळाला, तर दुसऱ्याचे 10, 10, 13 कुठेच मागे नाहीत. एकाची जमीन बरड, दुसऱ्याची भारी काळी असेल, किंवा पेरणी मागेपुढे झाली असेल. एकमार्गी विश्लेषणाला शेतकरी माहीतच नसतो, म्हणून हा सगळा फरक ते वाणाच्या आत टाकतं आणि F दबतो. बारा तुकडे बारा वेगळ्या शेतांत असते तर 1.2 वरच थांबावं लागलं असतं.

तुमच्याकडे मात्र प्रत्येकाच्या शेतात तिन्ही वाण आहेत. शेतकऱ्यांच्या सरासरी 7, 11, 8.33 आणि 9.67. त्यांच्यातला फरक 30 पैकी 26.67 खाऊन टाकतो. उरतात 3.33. शेतकरी चार म्हणून 3, वाण तीन म्हणून 2, त्यांचा गुणाकार 6; त्याने भागून 0.556. आता F = 4 ÷ 0.556 = 7.2, आणि हवा 5.14. एक्सेलमध्ये `Anova: Single Factor` ऐवजी `Anova: Two-Factor Without Replication` निवडा. मात्र शेतातला कोणता तुकडा कोणत्या वाणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं असायला हवं. चांगला कोपरा नेहमी 'क' ला दिला असेल, तर हा 7.2 त्या कोपऱ्याचाही असू शकतो.

आणि कोणता वाण सरस, हे F सांगत नाही. त्यासाठी क्रांतिक फरक काढा, म्हणजे दोन वाणांच्या सरासरींत निदान किती अंतर हवं ते: 2.447 × √(2 × 0.556 ÷ 4) = 1.29 क्विंटल. यातला 2.447 हा t च्या तक्त्यातला, पाच टक्के पातळीचा आणि वरच्या 6 साठीचा आकडा. 'क' आणि 'अ' मधले 2 क्विंटल त्याच्या वर आहेत. 'ब' चा दोघांपासूनचा 1 क्विंटल खाली राहतो, त्यामुळे 'ब' बद्दल या हंगामावरून काहीच ठरवू नका.